मीटर कुठून पडतो? गृहकर्जाच्या फायलींची तफावत मोजताना

नेरूळमधल्या एका बँक शाखेत गृहकर्जाचा 'टीएटी', म्हणजे अर्ज आल्यापासून मंजुरीपर्यंतचा वेळ, ठरलेल्या लक्ष्यापासून किती दूर आहे आणि का, हे शोधायचं काम जानेवारी २०२५ मध्ये हाती घेतलं आणि मे महिन्यात एका टप्प्यावर आणून ठेवलं. प्रादेशिक कार्यालयाकडून अशा 'गॅप अॅनालिसिस'चं पत्र आलं की शाखेत पहिली प्रतिक्रिया धास्तीची असते, कारण ही चौकशीच आहे असं सगळे धरून चालतात. ज्यांच्या टेबलावर असं पत्र येऊन पडलंय त्यांच्यासाठी हे क्रमानं लिहिलंय. शाखा ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे गोल केलेत, प्रमाण बदललेलं नाही.

पत्रात एवढंच होतं: लक्ष्य १० कामकाजाचे दिवस, तिमाहीची सरासरी १२, तफावत २ दिवस, कारणं व उपाययोजना कळवा. दोन दिवसांची तफावत म्हणजे फार काही नाही. 'मनुष्यबळ कमी, सर्व्हर स्लो' असं लिहून उत्तर पाठवता आलं असतं, आणि बहुतेक शाखा तेच करतात. पण काउंटरवर रोज येणारे लोक महिना-महिना झाला म्हणून भांडत होते, आणि १२ दिवसांत मंजुरी मिळणारा माणूस असं भांडत नाही. म्हणून उत्तर लिहायच्या आधी १२ हा आकडा येतो कुठून ते बघायचं ठरलं.

सगळ्यात आधी कपाट उघडून फायली मोजल्या. सिस्टीमवर प्रलंबित फायली दिसत होत्या ७. कपाटात आणि टेबलांच्या ड्रॉवरमध्ये मिळून निघाल्या १३. हा हिशोब कुठल्याही शाखेत तासाभरात होतो आणि फार बोलका असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीत शाखेकडे ३६ अर्ज आले होते आणि कामकाजाचे दिवस होते ६७, म्हणजे दिवसाला साधारण अर्धी फाईल. प्रत्येक फाईल १२ दिवस राहत असेल तर कोणत्याही दिवशी साडेसहाच्या आसपास फायली हातात असायला हव्यात. १३ फायली पडल्या असतील तर प्रत्येक फाईल सरासरी २४ दिवसांच्या आसपास मुक्काम करते. गणित ढोबळ आहे, पण तफावत दोन दिवसांची नाही हे कळायला तेवढं पुरलं.

उरलेल्या सहा फायली सिस्टीमवर का नाहीत, याचं उत्तर कर्ज विभागातल्या मॅडमनी सरळ दिलं. "साहेब, लॉगिन केलं की मीटर पडतो. कागद अपुरे असताना मीटर कशाला पाडायचा?" लॉगिन म्हणजे फाईल सिस्टीमवर चढवणं, आणि मीटर म्हणजे तिथलं दिवस मोजणारं घड्याळ. यात त्यांची लबाडी नव्हती. परिपत्रकातच 'पूर्ण अर्ज मिळाल्यापासून १० दिवस' असं लिहिलेलं होतं, आणि पूर्ण म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे शेवटचा कागद हातात पडेपर्यंत फाईल ड्रॉवरमध्ये ठेवायची आणि मग लॉगिन करायचं, अशी रीत पडून गेली होती. शिवाय लॉगिननंतर ग्राहकाकडून काही मागवलं की सिस्टीमवर 'क्वेरी' लावायची सोय होती, आणि क्वेरी लागली की घड्याळ थांबायचं. लॉगिनच्या आधीचा काळ आणि क्वेरीचा काळ, हे दोन्ही १२ दिवसांतून वजा झालेले होते. ग्राहक मात्र पहिला कागद दिला त्या दिवसापासून मोजतो.

रिझर्व्ह बँकेनं २००३ साली कर्जदात्यांसाठी न्याय्य व्यवहार संहितेची मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात कर्जाच्या अर्जाची पोच द्यावी आणि आणखी कागद हवे असतील तर लगेच कळवावं, असं म्हटलं होतं. इथे पोच लॉगिनच्या वेळी निघायची. म्हणजे ड्रॉवरमधल्या फायलींना पोचच नव्हती.

पहिला कागद कधी आला हे कुठेच नोंदलेलं नसताना ती तारीख शोधायची कशी, हा पुढचा प्रश्न होता. आवक रजिस्टरात कर्जाचे अर्ज चढवले जात नव्हते. यावर एक उपाय चांगला लागू पडला: सिबिल अहवाल काढल्याची तारीख. ग्राहक पहिल्यांदा टेबलासमोर बसला की बहुतेक वेळा पात्रता बघायला त्याच दिवशी सिबिल काढलं जातं, आणि अहवालावर छापलेली तारीख नंतर कुणाला बदलता येत नाही. ज्या फायलींत सिबिल उशिरा काढलं होतं तिथे ग्राहकाच्या पहिल्या ईमेलची तारीख धरली. पुढच्या तारखा सोप्या होत्या. वकिलाला आणि मूल्यांककाला पाठवलेले ईमेल, त्यांच्या अहवालांवरच्या तारखा आणि प्रोसेसिंग सेंटरच्या, म्हणजे कर्ज मंजूर करणाऱ्या बँकेच्या केंद्राच्या, मंजुरीपत्राची तारीख. ३६ फायलींच्या या तारखा गोळा करायला जवळजवळ दोन आठवडे लागले, तेही रोजचं काम सांभाळून, संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी एवढा वेळ धरूनच प्रादेशिक कार्यालयाकडून मुदत मागून घ्यावी.

तारखा एक्सेलमध्ये भरताना एक गोष्ट हमखास चुकते. `NETWORKDAYS` हे साधं सूत्र सगळे शनिवार सुट्टी धरतं. आपल्याकडे बँकांना दुसरा आणि चौथा शनिवारच सुट्टी असतो, त्यामुळे पहिला, तिसरा आणि पाचवा शनिवार हिशोबातून गळतो आणि प्रत्येक फाईल आहे त्यापेक्षा चटपटीत वाटते. त्याऐवजी हे वापरलं:

```
=NETWORKDAYS.INTL(B2,C2,11,Holidays!$A$2:$A$40)-1
```

यातला ११ म्हणजे फक्त रविवार सुट्टी. दुसरे-चौथे शनिवार आणि बाकीच्या बँक सुट्ट्या `Holidays` नावाच्या शीटवर हातानं लिहायच्या. त्या तिमाहीत २ ऑक्टोबर, १ आणि २ नोव्हेंबरची दिवाळी, १५ नोव्हेंबरची गुरुनानक जयंती, २० नोव्हेंबरचं विधानसभेचं मतदान आणि नाताळ एवढ्या होत्या. दसरा दुसऱ्या शनिवारीच आला होता. शेवटी १ वजा करायचा, कारण हे सूत्र पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजतं, आणि आज घेऊन आजच पुढे पाठवलेल्या फाईलला ते एक दिवस दाखवतं.

३६ पैकी जानेवारीअखेर २७ मंजूर, ३ नामंजूर आणि २ प्रलंबित होत्या. उरलेल्या ४ ग्राहकांनी स्वतःहून काढून घेतल्या होत्या. प्रादेशिक कार्यालयाची सरासरी फक्त मंजूर फायलींवर निघते. जो ग्राहक कंटाळून दुसऱ्या बँकेत गेला तो त्या सरासरीत कुठेच दिसत नाही, आणि खरं तर सगळ्यात जास्त वाट त्यानंच पाहिलेली असते. या चार फायलींची मिळून रक्कम पावणेदोन कोटींच्या वर होती. तफावतीचा हा भाग दिवसांत मोजता येत नाही, म्हणून तो अहवालात वेगळा लिहिला.

मंजूर २७ फायलींची सरासरी पहिल्या कागदापासून २२ दिवस निघाली. म्हणजे तफावत २ नव्हे, १२ दिवसांची.

आता हे १२ दिवस कुठे मुरतात ते बघायचं. त्यासाठी फाईलच्या प्रवासाचे पाच टप्पे केले आणि १० दिवसांचं लक्ष्यही त्या पाचांत वाटून टाकलं. ही वाटणी कुणी करून देत नाही, ती शाखेनंच बसून करावी लागते. पहिल्या कागदापासून लॉगिनपर्यंत १ दिवस असायला हवा होता, लागत होते ६. लॉगिननंतर वकील, मूल्यांकक आणि घर-नोकरी पडताळणीला कागद पाठवायला १ दिवस, लागत होते २. ते अहवाल परत यायला ५ दिवस, लागत होते ७. त्यांतून निघालेल्या क्वेरी मिटवायला १ दिवस, लागत होते ४. आणि प्रोसेसिंग सेंटरमध्ये छाननी होऊन मंजुरी यायला २ दिवस, लागत होते ३. टप्प्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळायला हवी असेल तर इथे सरासरीच घ्यावी लागते. मध्यकांची बेरीज जुळत नाही आणि बैठकीत कुणीतरी तेवढ्यावरच बोट ठेवतं.

शाखेत विचाराल तर सगळं खापर प्रोसेसिंग सेंटरवर फुटत होतं. तिथली तफावत निघाली एका दिवसाची. बारापैकी आठ दिवस पहिल्या आणि चौथ्या टप्प्यात होते, आणि या दोन्ही टप्प्यांत फाईल शाखेतच असते. हे आकडे पहिल्यांदा मांडले तेव्हा टेबलाभोवती बराच वेळ कुणी बोललं नाही. अशा वेळी नावं घेऊन बोलणं टाळावं. तक्त्यात अधिकाऱ्यांच्या नावांचा रकाना ठेवला नव्हता, म्हणून पुढचं बोलणं होऊ शकलं.

एका फाईलवरून हे नीट समजेल. नेरूळमधलाच सिडकोच्या जमिनीवरच्या सोसायटीतला जुना फ्लॅट, करारनाम्याची रक्कम ७८ लाख, नवरा-बायको दोघंही नोकरदार, मागितलेलं कर्ज ५८ लाख. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा असते, त्यात हे आरामात बसत होतं. उत्पन्न, सिबिल, सगळं ठीक. अशी फाईल अडायचं काही कारण नव्हतं.

पहिले कागद आले २१ ऑक्टोबरला. लॉगिन झालं ३० तारखेला, म्हणजे ७ कामकाजाच्या दिवसांनी, कारण पगार एका बँकेत आणि जुन्या गाडीचा हप्ता दुसऱ्या बँकेतून जात होता. त्या दुसऱ्या खात्याचा उतारा नव्हता, आणि विक्रेत्याच्या २००६ च्या करारनाम्यासोबत इंडेक्स टू, म्हणजे निबंधक कार्यालयातल्या नोंदणीचा उतारा, नव्हता. हे दोन्ही ग्राहकाला एकदम सांगितलं गेलं नाही, एक मिळाल्यावर दुसरं सांगितलं गेलं. लॉगिननंतर मध्ये दिवाळी आली आणि कागद वकिलाकडे गेले ४ नोव्हेंबरला. वकिलाचा अहवाल आला १४ तारखेला. त्यात लिहिलं होतं की २००६ च्या आधीचा, म्हणजे मूळ धारकाकडून पहिल्या खरेदीदाराकडे घर गेलं तेव्हाचा करारनामा आणि सिडकोचं हस्तांतरणाचं पत्र जोडलेलं नाही. क्वेरी लागली, घड्याळ थांबलं. ग्राहकाला ईमेल मात्र गेला १८ तारखेला. त्याने विक्रेत्याला गाठलं, विक्रेत्याने जुनी पेटी उपसली, मध्ये मतदानाची सुट्टी आली, आणि कागद शाखेत आले २५ तारखेला. वकिलाचं पूरक मत २७ ला, प्रोसेसिंग सेंटरला फाईल २८ ला, मंजुरी २ डिसेंबरला.

एकूण २९ कामकाजाचे दिवस, कॅलेंडरचे बेचाळीस. सिस्टीमवर ही फाईल १४ दिवसांची दिसते: लॉगिनच्या आधीचे ७ तिथे नाहीतच, आणि १४ ते २७ नोव्हेंबरमधले क्वेरीचे ८ वजा झालेत. विक्रेत्याशी झालेल्या करारात उरलेली रक्कम ४५ दिवसांत द्यायची अट होती. शेवटच्या आठवड्यात ते जोडपं रोज शाखेत का येत होतं ते यावरून कळावं. या फाईलवर माणसांनी प्रत्यक्ष केलेलं काम, शाखा, वकील आणि सेंटर सगळं धरून, एका दिवसाच्या आत मावलं असतं.

यात सुधारणा करायची जागा नेमकी कोणती? वकिलाने मागितलेला जुना करारनामा अस्तित्वात आहे हे २१ ऑक्टोबरलाच शाखेच्या टेबलावर लिहिलेलं होतं. सोसायटीच्या भाग प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला हस्तांतरणांची नोंद असते. या प्रमाणपत्रावर पुढे मूळ धारकाचं नाव आणि मागे दोन नावं होती, पहिल्या खरेदीदाराचं आणि आताच्या विक्रेत्याचं. दोन हस्तांतरणं म्हणजे दोन करारनामे हवेत. फाईलमध्ये एकच होता. प्रमाणपत्र उलटून बघायला दहा सेकंदं लागतात. पण झेरॉक्स फक्त पुढच्या बाजूची घेतलेली होती.

२७ फायलींमधल्या सगळ्या क्वेरी लिहून काढल्या, त्या ५८ भरल्या. २१ मालकीच्या साखळीच्या होत्या: मधला करारनामा नाही, नोंदणीची पावती किंवा इंडेक्स टू नाही, सिडकोचं किंवा सोसायटीचं पत्र नाही. १३ बँक उताऱ्याच्या होत्या, त्यातही बहुतेक 'सगळी पानं नाहीत' किंवा 'हप्ता जातो ते खातं दिलं नाही' अशा. ९ नावांतल्या फरकाच्या, म्हणजे पॅनवर लग्नाआधीचं नाव आणि करारनाम्यावर नंतरचं. उरलेल्या १५ किरकोळ. एकेक क्वेरी घेऊन स्वतःला एकच प्रश्न विचारला: पहिल्या दिवशी समोर असलेल्या कागदांवरून हे कळलं असतं का? जवळजवळ तीन चतुर्थांश क्वेरींना उत्तर 'हो' आलं.

ग्राहकाला दिली जाणारी कागदांची यादी तेव्हा एकच होती, दोन पानी, सगळ्या प्रकारच्या घरांसाठी. त्यात 'मालमत्तेची संपूर्ण कागदपत्रे' अशी एक ओळ होती. ती वाचून कुणी काय आणणार?

३ फेब्रुवारीपासून चार बदल केले. यादी तीन भागांत फोडली: बँकेने आधीच मंजूर केलेल्या प्रकल्पातलं नवं घर, सिडकोच्या जमिनीवरचं जुनं घर, आणि ठाणे-कळवा बाजूचं इतर जुनं घर. प्रत्येक यादी एका पानाची. जुन्या घरांच्या यादीत पहिलीच ओळ अशी: भाग प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजू, आणि मागे जितकी नावं तितके नोंदणीकृत करारनामे, प्रत्येकासोबत इंडेक्स टू. दुसरा बदल म्हणजे अर्ज घेताना ग्राहकासोबत अर्धा तास बसून कागद तपासायचे, जे नाही ते सगळं एकाच पत्रात लिहायचं आणि त्याच दिवशी तारखेचा शिक्का मारून पोच द्यायची. तिसरा बदल असा की लॉगिन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करायचं, अपुरी फाईल असली तरी, आणि क्वेरी लावून घड्याळ थांबवायचं नाही. चौथा बदल म्हणजे वकील, मूल्यांकक आणि पडताळणी तिघांनाही एकाच ईमेलवर कागद पाठवायचे. आधी कागद शिपायाबरोबर सोमवारी आणि गुरुवारी जायचे आणि मूल्यांकन वकिलाच्या अहवालानंतर सांगितलं जायचं. त्यामागे ग्राहकाचे मूल्यांकनाचे पैसे वाया जाऊ नयेत असा विचार होता, आणि तो अगदीच चुकीचा नाही. म्हणून मालकीच्या साखळीत उघड खोट दिसते अशाच फाईलला मूल्यांकन थांबवायचं, असं ठरवलं.

खर्च जवळजवळ शून्य होता. दोन्ही बाजू आपोआप स्कॅन करणारा एक स्कॅनर दुसऱ्या विभागातून उचलून आणला आणि तारखेचा शिक्का नवीन घेतला. खरी किंमत होती त्या अर्ध्या तासाची. सकाळी अकरा ते एक ही वेळ त्यासाठी राखली, आणि त्या वेळेत कर्ज विभागातल्या एका माणसाला दुसरं काम द्यायचं नाही हे शाखाधिकाऱ्यांकडून लेखी घेतलं. तोंडी घेतलं असतं तर पहिल्याच पेन्शनच्या गर्दीत त्याला काउंटरवर बसवलं असतं.

घड्याळ न थांबवण्याबद्दल प्रादेशिक कार्यालयाला आधीच पत्र लिहिलं होतं, आणि हे न विसरता करावं. कारण फेब्रुवारीत व्हायचं तेच झालं: डॅशबोर्डवर शाखेचा आकडा वाढला, रंग पिवळ्याचा लाल झाला आणि खुलासा मागणारा फोन आला. पत्राची आवक क्रमांकासह प्रत हाताशी होती म्हणून निभावलं.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आलेल्या ३१ अर्जांपैकी मेच्या मध्यापर्यंत २४ मंजूर झाले. त्यांची पहिल्या कागदापासूनची सरासरी १५ दिवस आली. सिस्टीमची सरासरी आली १३. म्हणजे ग्राहकाचे सात दिवस वाचले आणि डॅशबोर्डवर शाखा १२ वरून १३ वर घसरली. आधीच्या १२ मध्ये दहा दिवस लपलेले होते, आताच्या १३ मध्ये फक्त दोन. हे बैठकीत पटवायला तीन वेळा तक्ता फिरवावा लागला. मार्चचे आकडे मात्र वेगळे ठेवावेत. वर्षअखेरीला सेंटर रविवारीही फायली काढतं आणि त्यात शाखेचं कर्तृत्व काही नसतं.

लक्ष्याबद्दलही एक गोष्ट या निमित्तानं निघाली. तिमाहीतल्या २७ मंजूर फायलींपैकी १५ मंजूर प्रकल्पांतल्या होत्या आणि १२ जुन्या घरांच्या. अहवाल परत यायचा टप्पा पहिल्यांना सरासरी ५ दिवसांचा होता, म्हणजे लक्ष्याइतकाच. प्रकल्पाची कायदेशीर तपासणी आधीच झालेली असते, महारेरा क्रमांक आणि परवानग्या फाईलवर असतात, वकिलाला फक्त त्या फ्लॅटचं बघायचं असतं. जुन्या घरांना हाच टप्पा साडेनऊ दिवसांचा होता. तिथे वकिलाला तीस वर्षांचा शोध घ्यावा लागतो, जुने दस्त ऑनलाइन सापडले नाहीत तर दुय्यम निबंधक कार्यालयात माणूस पाठवावा लागतो, आणि सिडकोचं गहाणाचं ना-हरकत पत्र लागत असेल तर ते ना शाखेच्या हातात ना वकिलाच्या. दोन्हींना मिळून १० दिवसांचं एकच लक्ष्य दिलं की मंजूर प्रकल्प जास्त असलेली शाखा काही न करता हिरवी होते. जुन्या घरांना १४ दिवसांचं वेगळं लक्ष्य द्यावं असं सुचवलं होतं. लक्ष्य बदललं नाही, पण दोन प्रकारांचे आकडे वेगळे दाखवायला परवानगी मिळाली आणि मासिक पत्रकात 'पोच दिल्याची तारीख' हा रकाना हातानं भरायची मुभाही.

उरलेल्या पाच दिवसांच्या तफावतीचा हिशोब असा आहे. लॉगिनपर्यंत १ दिवस अजून जातो, कारण संध्याकाळी आलेला ग्राहक दुसऱ्या दिवशी बोलवावा लागतो. अहवालांमध्ये दीड दिवस आहे आणि तो जवळजवळ सगळा जुन्या घरांचा. पॅनेलवर तीन वकील असून दोन तृतीयांश काम एकाकडेच जातं, ते जूनपासून पाळीनं वाटायचं ठरलंय. क्वेरींमध्ये दीड दिवस राहिलाय. नावांतल्या फरकाची प्रतिज्ञापत्रं त्यात सगळ्यात जास्त वेळ खातात, म्हणून त्याचा नमुना आता यादीच्या मागे छापलाय. सेंटरचा १ दिवस तसाच आहे. तिथे दुपारी तीननंतर आलेली फाईल दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात जाते, त्यामुळे शाखेतून फाईल दोनच्या आत सोडायची एवढंच आपल्या हातात आहे. मंजुरीपासून प्रत्यक्ष पैसे देईपर्यंतचा टप्पा या कामात घेतलाच नव्हता. त्याच्या तारखा एप्रिलपासून त्याच शीटवर, दोन रकाने वाढवून, भरायला घेतल्यात.